भज्याच्या पिठातला मासा की नारळाचं कालवण? आणि मासा तेलकट की बिनतेलाचा?

आमच्या मोठ्या भावोजींना डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आणि जाता जाता म्हणाले, मासे खा, पण तळलेले नकोत, कालवणातले खा. सल्ला ऐकायला सोपा. जाऊबाईंनी त्याच आठवड्यात तळणीची कढई माळ्यावर टाकली. तीन महिने झाले, भावोजींचा काटा जागचा हलला नाही. त्यांचा राग डॉक्टरांवर, जाऊबाईंचा राग भावोजींच्या बाहेरच्या खाण्यावर. मी एका रविवारी जेवायला गेले तेव्हा ओट्यावर खवणी होती आणि तिच्याशेजारी नारळाच्या दोन रिकाम्या करवंट्या. चार माणसांच्या कालवणाला अख्खा नारळ. भावोजींनी त्या कालवणावर भात दोनदा घेतला आणि वर सोलकढी.

बाहेरच्या खाण्याचं मला ठाऊक नाही. पण त्या ताटात जे होतं त्याचा हिशोब मांडला तर ‘तळलेलं वाईट, कालवण चांगलं’ हे समीकरण त्या घरात तरी उलटं पडत होतं. तुम्हीही याच दोहोंतून निवडत असाल तर तो हिशोब पुढे मांडलाय. त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत: मासा शिजवायचा कसा आणि मासा आणायचा कुठला. दोन्ही वेगळे सोडवले तर उत्तर चुकतं.

आधी एक फसवी गोष्ट: शंभर ग्रॅमचा आकडा

मोबाइलवरच्या कुठल्याही कॅलरीच्या यादीत बघा, तळलेल्या माशाचा आकडा शंभर ग्रॅमला दोनशेच्या पुढे दिसेल आणि ‘फिश करी’चा शंभरच्या आसपास. बघणारा म्हणतो, झालं, कालवण निम्म्यात आलं.

पण शंभर ग्रॅम कालवण म्हणजे काय? बरंचसं पाणी. आणि तळताना माशातलं पाणी वाफ होऊन उडून जातं, त्याची जागा पीठ आणि तेल घेतात. म्हणजे एका बाजूला पाणी घालून हलका केलेला पदार्थ, दुसऱ्या बाजूला पाणी काढून घट्ट केलेला, आणि आपण दोघांचं वजन सारखं धरून तुलना करतो. माणूस जेवताना शंभर ग्रॅम मोजून घेत नाही. तो दोन तुकड्या घेतो. तळलेल्या दोन तुकड्या साधारण दीडशे ग्रॅम भरतात, आणि त्याच दोन तुकड्या रश्श्यासकट ताटात आल्या की सव्वातीनशे ग्रॅम.

म्हणून तुलना करायची ती कच्च्या माशावरून. एका माणसाला सव्वाशे ग्रॅम मांस धरा, म्हणजे डोकं, काटा, कातडीवरचे खवले सोडून पोटात जाणारा भाग. बाजारातलं वजन नव्हे. दीडशे ग्रॅमचा अख्खा बांगडा घेतला तर त्यातून खाण्याजोगं सत्तर-ऐंशी ग्रॅम निघतं, तेव्हा सव्वाशे ग्रॅम म्हणजे दोनाला जरा कमी बांगडे. आता हा सव्वाशे ग्रॅम मासा कढईत गेला तर त्यात काय मिसळतं आणि टोपात गेला तर काय, एवढंच मोजायचं.

कढईतलं काय काय पोटात जातं

भज्याच्या पिठासारखं पीठ भिजवून तळलेला मासा आपल्याकडे मूळचा घरचा नाही. घरी रवा किंवा तांदळाचं पीठ लावून तव्यावर परततात. बेसन, ओवा, लाल रंग आणि लिंबू असला ‘कोळीवाडा’ प्रकार हॉटेलातून घरात आला. नाव सायन कोळीवाड्याचं, पण हात पंजाबी, असं सांगतात. फाळणीनंतर तिथे येऊन वसलेल्या लोकांनी अमृतसरी पद्धत आणली म्हणे. चव घेतली की खरं वाटतं.

या प्रकारात कॅलरी दोन वाटांनी येतात. पहिली वाट पिठाची. दोघांसाठी अडीचशे ग्रॅम माशाला बेसन आणि थोडं तांदळाचं पीठ मिळून पन्नास ग्रॅमच्या आसपास चिकटतं. त्याच्या १८० कॅलरी, म्हणजे माणशी ९०. दुसरी वाट तेलाची. तेल किती शोषलं जातं हे पीठ, तेलाचा ताव आणि तुकड्याचा आकार यांवर फार बदलतं. तळून झालेल्या तुकडीच्या वजनाच्या दहा टक्के धरलं तर माणशी पंधरा ग्रॅम तेल, म्हणजे १३५ कॅलरी. तेलाच्या ग्रॅमला नऊ कॅलरी, हा एक आकडा लक्षात ठेवला तर पुढचं सगळं तोंडी करता येतं. दोन्ही मिळून सव्वादोनशे.

आता हे पंधरा ग्रॅम तीसही होऊ शकतात, आणि ते कसे होतात हे बघण्यासारखं आहे. तुकडी तेलात असते तेव्हा तिच्यातून वाफ बाहेर येत असते, तेच ते बुडबुडे. वाफ बाहेर ढकलत असेपर्यंत तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. तुकडी झाऱ्याने वर काढली की वाफ थांबते, आवरण गार व्हायला लागतं, आतली वाफ आकसते आणि बाहेर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. तेलाचा मोठा वाटा असा कढईतून काढल्यावर आत जातो. म्हणून झारा कढईवरच धरून दहा-पंधरा सेकंद नीट निथळवणं याला खरा अर्थ आहे, आणि तुकड्यांवर तुकड्या रचून कागदावर टाकण्यात फारसा नाही. खालच्या तुकड्या स्वतःच्या वाफेत मऊ पडतात आणि निथळलेल्या तेलातच बसतात. लोखंडी जाळीवर सुट्या ठेवल्या तर दोन्ही टळतं.

दुसरं कारण ताव. पिठाचा एक थेंब सोडून पाहायचा: तळाशी जाऊन रेंगाळला तर तेल कच्चं, लगेच बुडबुड्यांसकट वर आला तर ठीक, वर येताक्षणी काळपटला तर जास्त तापलं. तेल कच्चं असताना मासा सोडला की आवरण धरायला वेळ लागतो, तुकडी जास्त वेळ तेलात राहते आणि तेल पिते. पहिला घाणा छान आणि दुसरा तेलकट होतो, त्याचं कारणही बहुतेक हेच: आपण घाईत जास्त तुकड्या सोडतो आणि ताव एकदम पडतो. आणि पिठात चिमूटभर सोडा टाकला की आवरण जाळीदार होतं, कुरकुरीत लागतं, पण त्या जाळीत तेल भरतं. बोटाएवढे तुकडे केले तरी तेच, कारण तेवढ्याच माशाला पीठ लागायला जागा जास्त मिळते.

तुमच्या कढईचा खरा आकडा हवा असेल तर तो काढणं अवघड नाही. घरात स्वयंपाकाचा छोटा काटा असेल तर तेलासकट कढई तळणीआधी तोला, आणि सगळं तळून तेल गार झाल्यावर पुन्हा तोला. माशातलं पाणी वाफ होऊन जातं, ते तेलात राहत नाही, त्यामुळे घटलेलं वजन म्हणजे जवळजवळ सगळं तेल. कागदाने टिपलं असेल तर कोरा आणि तेलकट कागद तोलून तो फरक वजा करा. तळाशी पिठाचा चुरा साठला असेल तर तो गाळून काढल्यावरच तोला, नाहीतर तेल कमी गेल्यासारखं दिसेल.

टोपातलं काय काय पोटात जातं

कालवणातल्या कॅलरी दिसत नाहीत, म्हणून ते बिचारं सात्त्विक वाटतं. चौघांच्या कालवणाला अर्धा नारळ खवला तर साधारण १३० ग्रॅम खोबरं निघतं. ओल्या खोबऱ्यात एक तृतीयांश चरबी असते आणि शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. म्हणजे अर्ध्या नारळाच्या साडेचारशे. फोडणीला दोन मोठे चमचे तेल, त्याच्या २४०. बेरीज सातशेला टेकते, चौघांत वाटली की माणशी पावणेदोनशे.

कढईतले सव्वादोनशे आणि टोपातले पावणेदोनशे. शंभर ग्रॅमच्या यादीत जो दुपटीहून मोठा फरक दिसत होता, तो ताटात पन्नास कॅलरींवर आला. जाऊबाईंसारखा अख्खा नारळ घातला तर माणशी २९० होतात आणि कालवण तळलेल्याच्या पुढे जातं. भावोजींचं कोडं मला इथे सुटलं.

अर्थात सगळी कालवणं एका मापाची नसतात, आणि निवड करणाऱ्याने इथेच थांबून बघायला हवं. गोव्याकडच्या हुमणाला बरेचदा फोडणीच नसते: खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद गंधासारखं वाटायचं, सोलं किंवा चिंच आणि तिरफळ घालून उकळायचं. तिथे तेलाचे साठ कॅलरी वाचतात, पण खोबरं हात सोडून असतं. मालवणी वाटणात खोबरं भाजतात, तेही तेलावर. भाजून कॅलरी वाढत नाहीत, त्या भाजायच्या तेलाने वाढतात. कोणी खोबऱ्याचं दूध काढून चोथा टाकतं, त्यात थोडी चरबी चोथ्याबरोबर जाते, पण पहिलं दाट दूध निघालं की मोठा वाटा दुधातच आलेला असतो.

आणि याच्या पार दुसऱ्या टोकाला कोळी-आगरी घरांतलं पातळ आंबट कालवण. भरपूर ठेचलेला लसूण, चिंचेचा कोळ, घरचा मसाला, कोथिंबीर, आणि खोबरं बहुधा नाहीच. दाटपणा हवा तर चमचाभर तांदळाचं पीठ. तेल चौघांत दोन मोठे चमचे धरलं तरी माणशी सत्तर कॅलरींच्या आत काम होतं. कॅलरी कमी करण्यासाठी कालवण निवडायचं असेल तर ते हे. ‘फिश करी’ या एका नावाखाली हे पातळ कालवण आणि नारळाचं दाट कालवण दोन्ही येतात, आणि दोघांत माणशी शंभराहून जास्त कॅलरींचं अंतर आहे.

मधला एक प्रकार राहिला, रवा लावून तव्यावरचा. सव्वाशे ग्रॅम माशाला पंधरा ग्रॅम रवा-पीठ आणि तव्यावरचं आठ-नऊ ग्रॅम तेल पोटात जातं. मिळून १३० कॅलरी. म्हणजे तव्यावरची रवा लावलेली तुकडी नारळाच्या कालवणापेक्षा हलकी पडते. ‘तळलेलं बंद’ म्हणताना आपण ही तुकडीही बंद करतो आणि तिच्या जागी जास्त कॅलरीचं काहीतरी आणतो.

आता मासा कुठला

इथपर्यंत मासा सारखाच धरला होता. तो सारखा नसतो. ज्याला आपण तेलकट मासा म्हणतो, म्हणजे तारली, पेडवे, मोसमातला बांगडा, पाला म्हणजे बंगाल्यांचा हिल्सा, तो चरबी मांसात साठवतो. बिनतेलाचा मासा ती यकृतात साठवतो आणि मांस कोरडं ठेवतो. म्हणून कॉडच्या यकृताचं तेल निघतं, पण त्याचं मांस जवळपास चरबीशिवाय असतं. मांसातलं प्रथिन दोन्हीत जवळपास सारखं, शंभर ग्रॅमला सतरा ते वीस ग्रॅम. फरक सगळा चरबीचा. दीड टक्का चरबीचा मासा शंभर ग्रॅमला नव्वद कॅलरींच्या घरात येतो, दहा टक्क्यांचा १६५ च्या घरात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात रोहू ९७ आणि हिल्सा २७३ कॅलरींवर आहे. एवढं अंतर कुठल्याही दोन पाककृतींमध्ये सहसा पडत नाही.

त्याच कोष्टकात बांगडा मात्र ९३ कॅलरींवर आहे, चरबी दोन टक्क्यांहून कमी. आणि मोबाइलवर ‘मॅकेरल’ शोधलं तर दोनशेच्या पुढचा आकडा येतो. दोन्ही बरोबर आहेत. मोबाइलवरचा मॅकेरल अटलांटिक समुद्रातला, वेगळ्याच जातीचा, थंड पाण्यातला चरबीदार मासा आहे. आपला बांगडा वेगळा, आणि तो स्वतःही वर्षभर एकसारखा नसतो. पावसाळ्यात समुद्रात खाणं मुबलक होतं, ते खाऊन बांगडा आणि तारली अंगावर धरतात, आणि पावसानंतरच्या महिन्यांत सर्वात तेलकट होतात. अंडी घालून झालेला मासा उतरलेला असतो. एकाच माशात दोन टक्के ते दहा टक्के चरबी हा फेर मोसमाने पडतो.

असाच घोळ रावसाचा. त्याला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, म्हणून लोक यादीत सॅमनचा आकडा उचलतात, दोनशेच्या वरचा. रावस सॅमनच्या कुळातलाच नाही. त्याच्या मांसात सॅमनच्या मानाने चरबी बरीच कमी. परदेशी राहणाऱ्यांना हे उलट बाजूने नडतं: इथे रावसाचं कालवण करायची सवय, तिथे त्याच मापाने सॅमनचं करतात आणि रश्श्यावर तेलाचा जाड थर आला की मसाल्याला दोष देतात.

कोष्टकाने भागत नाही, तेव्हा हात आणि डोळा. आमच्या बाजारातल्या मावशींनी मला एकदा बांगड्याचं पोट चिरून दाखवलं होतं. “ताई, इथं बघा,” म्हणाल्या, आणि अंगठ्याने पोटाची आतली बाजू दाबली. तिथे पांढरट, मेणासारखी कड होती आणि अंगठ्याला चकाकी राहिली. “हा तव्यावर आपलंच तेल सोडील. उन्हाळ्यात हाच कोरडा ठाक.” घरी तपासायची खूणही तीच. मोसमातला बांगडा कमी तेलावर ठेवला तर तेल थोड्या वेळाने वाढल्यासारखं दिसतं. हात धुताना साबण दोनदा लागतो. मांसात कातडीखाली काळपट लाल पट्टा जाड असतो. ढोमा, सौंदाळा, शिंगाळा यांचं मांस पांढरं, पट्टा नावाला आणि तवा आपण तेल घातलं तेवढाच ओला. पापलेट आणि सुरमई या दोहोंच्या मधे कुठेतरी, पण बिनतेलाच्या बाजूला जवळ. सुरमईच्या पोटाकडची तुकडी शेपटीकडच्या तुकडीपेक्षा जास्त तेलकट असते, हे खाणाऱ्याला आकड्याशिवाय कळतं.

दोन्ही एकत्र मांडलं तर

एका माणसाला सव्वाशे ग्रॅम मांस. बिनतेलाचा मासा शंभर ग्रॅमला नव्वद कॅलरींचा, तेलकट म्हणजे मोसमातला, दहा टक्के चरबीचा बांगडा. मापं वर सांगितली तीच. भात, भाकरी यात नाही.

| प्रकार | बिनतेलाचा मासा | तेलकट मासा |
|---|---|---|
| भज्याच्या पिठात तळलेला | ३३५ | ४३० |
| नारळाचं कालवण | २८५ | ३८० |
| रवा लावून तव्यावर | २४० | ३३५ |
| बिननारळाचं पातळ कालवण | १८० | २७५ |

आकडे गोल केलेले आहेत आणि तुमच्या हाताप्रमाणे वर-खाली होतील. पण क्रम बघा. पिठात तळलेला ढोमा नारळाच्या कालवणातल्या बांगड्यापेक्षा कमी. पातळ कालवणातला तेलकट बांगडा नारळाच्या कालवणातल्या बिनतेलाच्या माशापेक्षा कमी. नुसतं ‘कालवण की तळलेलं’ विचारलं तर यातलं काहीच दिसत नाही.

वरच्या ओळीतला ४३० थोडा फुगलेला आहे, हेही सांगायला हवं. तळताना चरबीची देवाणघेवाण होते. बिनतेलाचा मासा तेल घेतो. तेलकट मासा तेल घेतो आणि आपली थोडी चरबी कढईत सोडतो, त्यामुळे त्याची निव्वळ भर कमी पडते. म्हणजे तळल्यावर दोन माशांमधलं अंतर कच्च्या इतकं राहत नाही. पण हा सौदा तुमच्या फायद्याचा नाही. कढईत जातं ते माशाचं तेल, ज्यातल्या ओमेगा-३ साठी तेलकट मासा खायचा, आणि माशात शिरतं ते कढईतलं साधं तेल. बांगडा, तारली खोल तेलात तळू नये याचं माझ्या मते हे कॅलरींपेक्षा मोठं कारण. कालवणातही चरबी रश्श्यात उतरते, पण तो रस्सा आपण भातावर घेतो, वाया जात नाही.

बोंबील या तक्त्यात कुठेच बसत नाही. ओल्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या जवळ पाणी असतं, मांस नावाला. शंभर ग्रॅम कच्च्या बोंबलात पन्नासच्या आसपास कॅलरी. म्हणून तो तळण्याआधी पाट्याखाली दाबून पाणी काढतात, नाहीतर तव्यावर लगदा होतो. दाबून, रवा लावून, कुरकुरीत केलेला बोंबील खाताना आपल्या कॅलरी मुख्यतः रव्याच्या आणि तेलाच्या असतात, बोंबील त्यांना धरायला असतो. चार खाऊन पोट भरत नाही आणि आठ खाल्ले जातात, ते यामुळे. कालवणातला बोंबील मात्र या यादीतलं सर्वात हलकं जेवण ठरेल, टोपात तो विरघळला नाही तर.

ताटातला तिसरा: भात

तक्त्यात भात धरला नाही, पण निवडीत तो धरावाच लागतो. वाटीभर शिजलेला भात, दीडशे ग्रॅम, १९५ कॅलरी. तळलेली तुकडी भाकरीबरोबर किंवा नुसतीही जाते. कालवण भाताला बोलावतं, आणि दाट, चवदार कालवण दुसऱ्यांदा बोलावतं. कढई आणि टोपातला पन्नास कॅलरींचा फरक भाताच्या पाव वाटीत संपतो. भावोजींचा दुसरा भात त्यांच्या सगळ्या न खाल्लेल्या तळलेल्या तुकड्यांना पुरून उरत होता. सोलकढीही पाचक म्हणून हिशोबाबाहेर राहते, पण ती नारळाचं दूधच आहे. दाट दुधाची असेल तर ताटात कालवणाची आणखी एक वाटी आल्यासारखं धरा.

मग ठरवायचं कसं? वजनच उतरवायचं असेल आणि मासा आठवड्यातून तीन-चारदा होत असेल, तर घरात पातळ बिननारळाचं कालवण आणि तव्यावरची तुकडी हे दोनच ठेवा, आणि मासा मोसमाप्रमाणे कुठलाही आणा. तेलकट माशाची शंभरेक जास्तीची कॅलरी मला परवडते, कारण त्यात जे मिळतं ते ढोम्यात मिळत नाही. मासा आठवड्यातून एकदाच होत असेल तर कालवणातला नारळ वगळू नका. पन्नास-शंभर कॅलरींसाठी रविवारचं कालवण बिघडवायचं, हा सौदा मला पटत नाही. भात एक वाटी कमी घ्या. पिठात तळायचंच असेल तर पांढऱ्या मांसाचा, जरा मोठ्या तुकड्यांचा मासा घ्या, पीठ पातळ ठेवा, सोडा घालू नका. ज्यांना डॉक्टरांनी चरबीचंच प्रमाण बांधून दिलंय, त्यांच्यासाठी नारळ आणि तेल दोन्ही एकाच खात्यात जातात. त्यांनी आपल्या कालवणाचं माप डॉक्टरांना आकड्यात सांगावं, ‘कालवण’ असं मोघम नको.

जाऊबाईंनी आता चौघांना अर्धा नारळ आणि आठवड्यातून एक दिवस तव्यावरची तुकडी असं ठरवलंय. कढई अजून माळ्यावरच आहे. हॉटेलात गेलो की मात्र सुरमई थाळीच येते: रवा लावलेली मोठी तुकडी, वाटीभर लाल दाट कालवण, सोलकढी, दोन वडे, भात. पूर्वी मी शहाणपणा करून तुकडीचं आवरण सोलून बाजूला ठेवायचे. आता तुकडी अख्खी खाते, कालवणाची दुसरी वाटी घेऊन येणाऱ्या वाढप्याला हाताने नको म्हणते, आणि भावोजींच्या ताटाकडे बघत नाही.